दोन श्रावणांचा आबा

आमच्याकडे खानदेशात माणूस म्हातारा होण्याची वाट कुणी पाहत नाही. पाळण्यातल्या पोराला नाना म्हणतात, शाळेत जाणाऱ्याला बापू, आणि शेंबूड पुसता न येणाऱ्याला भाऊसाहेब. माझा मित्र पहिलीच्या वर्गात माझ्या शेजारी बसला तेव्हाच तो आबा होता. शाळेच्या रजिस्टरात नाव वेगळं आहे, पण ते नाव घेऊन हाक मारली तर तो स्वतःसुद्धा वळून पाहत नाही.

हा आबा येत्या एक जूनला चाळीस वर्षांचा होणार होता. दहा-बारा दिवस आधीपासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्याने स्वतःच त्याची दवंडी पिटायला सुरुवात केली. पहिला मेसेज असा: "चाळिशी लागते आहे. मिडलाइफ क्रायसिस मंजूर झाला. बुलेटचं कोटेशन मागवलंय, फक्त बायकोची सही बाकी." लोक हसले, मीही हसलो. चार दिवसांनी त्याने हात पूर्ण लांब करून मोबाईल वाचतानाचा स्वतःचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आता हात कमी पडतोय, हाताला एक्स्टेंशन मिळेल का?" त्यावर कुणी काठीचं चित्र टाकलं, कुणी केसांच्या कलपाची जाहिरात. एकाने तर वैकुंठरथाचा फोन नंबर दिला. आमचा ग्रुप प्रेमळ आहे, फक्त त्याला प्रेम करण्याची एवढी एकच पद्धत येते.

तिसरा मेसेज रात्री साडेअकराला आला. "मोटारीचं वायंडिंग बदलून मिळतं, माणसाचं कुठे करतात रे?" त्यालाही हसण्याच्या बाहुल्या आल्या. मी मात्र तो पुन्हा वाचला, कारण माझा धंदाच एकेक ओळ दोनदा वाचण्याचा आहे. धुळ्यात एका छापखान्यासाठी मी प्रुफं वाचतो. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आणि उन्हाळा संपत आला की पुढल्या वर्षाची दिनदर्शिका. पहिल्या दोन मेसेजांत विनोद होता. तिसऱ्यात फक्त विनोदाची चाल होती.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. म्हटलं, एक तारखेला वेगळा मेसेज करू, चार ओळींचा. त्या चार ओळींना मला आठवडा लागला.

*

आबाचं चोपड्याकडे मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पाच-साडेसात एचपीच्या विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या, कधी लग्नाच्या मांडवातल्या कूलरच्या. मे महिन्यात दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागते आणि जळक्या वार्निशचा वास रस्त्यापर्यंत येतो. तिथे केळी आहे. त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात घड लागलेल्या केळीला चार दिवस पाणी मिळालं नाही तर पानं मोडून लोंबायला लागतात, आणि वर्षभराचा खर्च शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत मान टाकतो. म्हणून मोटार घेऊन आलेला माणूस "कधी मिळेल?" असं विचारत नाही, तो तिथेच बाकावर बसून राहतो.

मी वीस मेच्या सुमारास आबाकडे गेलो होतो. तेव्हा तो एक मोटार बांधत होता. ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जळालेली मोटार उघडली की आत लोखंडी कड्याला खाचा असतात आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या बसवलेल्या असतात. त्या काढताना एक गुंडाळी शाबूत ठेवायची. तिचे वेढे मोजायचे, तार कोणत्या गेजची आहे ते मोजायचं, किती खाचा सोडून ती दुसऱ्या खाचेत जाते ते पाहायचं, आणि हे सगळं वहीत लिहायचं. या नोंदीला ते लोक 'डाटा' म्हणतात. आबाच्या अशा सात वह्या आहेत, पुठ्ठ्याच्या, कडा तेलाने काळ्या झालेल्या. तालुक्यातल्या अर्ध्या विहिरींची जन्मकुंडली त्या वह्यांत आहे. कोणती मोटार कोणत्या साली बांधली, कितीचे वेढे, आणि समोर बारीक अक्षरात एखादा शेरा: 'व्होल्टेज कमी, स्टार्टर बदलायला सांगितला, बदलला नाही.'

त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. तारेच्या दोन रिळांवरचे आकडे तो आपल्या हाताखालच्या पोराला वाचायला सांगत होता. "बावीस कोणतं रे यात?" पोरगं सांगायचं, मग तो रीळ घ्यायचा. मी म्हटलं, "काय आबा, साहेब झालास, पोरांकडून कामं करून घेतोस." तो हसला. पोरगं चहा आणायला गेल्यावर म्हणाला, "साहेब नही भो. एक मोटार परत उनी."

मग त्याने ती हकीकत सांगितली. एप्रिलच्या शेवटी त्याने एका केळीवाल्याची पाच एचपीची मोटार बांधून दिली होती. अकराव्या दिवशी ती जळून परत आली. वायंडर लोकांचा अशा वेळी पहिला संशय लाइटवर असतो, आणि तो बहुतेकदा खराही असतो. तीन फेजांपैकी एक फेज गेला की मोटार उरलेल्या दोनवर कण्हत चालते आणि जळते. पण त्याची खूण ठरलेली आहे. स्टार जोडणीच्या मोटारीत अशा वेळी दोन फेजांच्या गुंडाळ्या कोळसा होतात आणि तिसऱ्या फेजच्या बऱ्यापैकी तांबूस राहतात. मोटार उघडल्या उघडल्या नुसतं पाहून कळतं. आबाने उघडली, तर सगळं कडं सारखं काळं. म्हणजे फेज गेला नव्हता. सगळीच तार तापली होती.

त्याने तारेचा एक तुकडा तोडला, वरचं इनॅमल जाळून पुसलं आणि मायक्रोमीटरमध्ये धरला. मायक्रोमीटरचे आकडेही त्याला पोराकडूनच वाचून घ्यावे लागले. शून्य पॉइंट एकसष्ट मिलिमीटर. म्हणजे तेवीस गेज. वहीत त्याच्याच अक्षरात बावीस लिहिलेलं होतं, आणि बावीस गेजची तार शून्य पॉइंट एकाहत्तर असते. रिळाच्या चिकटपट्टीवरचा शेवटचा आकडा त्याला संध्याकाळच्या उजेडात दोन वाटला, तो तीन होता. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. ऐकायला काहीच नाही, पण तार गोल असते, त्यामुळे एवढ्याशा फरकात तांबं पाव भागाने कमी होतं. तेवढाच करंट कमी तांब्यातून जायला लागला की तार तापते. वरून मे महिना.

"मग शेतकऱ्याला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगनार? मनी चूक शे म्हनं. फुकट बांधी दिधी, रातना दोनले."

एवढं बोलून त्याने विषय बदलला आणि बुलेट किती मायलेज देते ते मला सांगायला लागला.

*

तर मेसेज लिहायला बसलो तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. अडचण तीच होती.

पहिला मसुदा बसल्या बैठकीला लिहिला. 'वय म्हणजे काय, नुसता आकडा!' लिहिलं आणि अंगावर काटा आला. ज्याची मोटार एका आकड्याने जळाली, त्याला मी आकड्यात काय ठेवलंय म्हणून सांगत होतो. खोडून टाकलं.

दुसऱ्यात मी ग्रुपसारखाच झालो. 'आबा, आता तू खरोखरचा आबा झालास.' ओळ वाईट नाही. पण तिच्यावर तो हसला असता आणि मग आणखी एक विनोद स्वतःवर करून मला परत पाठवला असता. हा खेळ मी ओळखतो. माणूस स्वतःच्या वर्मावर स्वतः विनोद करतो, कारण दुसऱ्याने करायच्या आत तो करून मोकळं व्हायचं असतं. त्यावर आपण वरचढ विनोद केला की त्याला वाटतं, म्हणजे यांनाही तसंच दिसतंय. आणि गंभीर चेहऱ्याने 'आबा, तू ठीक आहेस ना?' विचारलं तर तो शरमेने मेला असता. गल्ल्यावर बसून चार लोकांदेखत वाचणार तो मेसेज.

तिसऱ्या मसुद्यात त्याचं दुकान, बांधलेलं घर, दोन्ही पोरं, बहिणीचं लग्न, सगळं क्रमाने आलं. वाचून पाहिलं तर निवृत्तीच्या समारंभातलं मानपत्र झालं होतं. अशी मानपत्रं मी महिन्याला दोन तपासतो. त्यांतला माणूस कोणत्याही दुसऱ्या मानपत्रात उचलून ठेवता येतो.

मग मी मधे दोन संध्याकाळी भलतीकडे भरकटलो. हा 'मिडलाइफ क्रायसिस' आला कुठून, म्हणून वाचत बसलो. हा शब्द एलियट जॅक्स नावाच्या मनोविश्लेषकाचा. मूळचा कॅनडाचा, काम लंडनमध्ये. १९५७ साली त्याने तिथल्या मनोविश्लेषकांपुढे निबंध वाचला आणि १९६५ साली तो छापून आला. त्याचा विषय मृत्यू हा होता. तीनशेवर चित्रकार, कवी, संगीतकार यांची आयुष्यं त्याने तपासली आणि त्याला दिसलं की पस्तिशी-चाळिशीच्या आसपास त्यांच्या कामात काही तरी बदलतं. कुणाचं काम थांबतं, कुणाचं तेव्हाच सुरू होतं, कुणाची धाटणीच पालटते. त्याच्या एका रुग्णाचं म्हणणं त्यात आहे, की इतके दिवस आयुष्य म्हणजे नुसता चढ वाटायचा, आता माथ्यावर आलो आणि पलीकडचा उतार दिसला. त्यात मोटारसायकल कुठेच नाही, टक्कलही नाही. ती पुढच्या लोकांनी आणून जोडली. आणि निबंध वाचला तेव्हा जॅक्स स्वतः चाळीस वर्षांचा होता.

पुढे अमेरिकेत लोकांना थेट विचारून पाहिलं गेलं, तेव्हा असा काळ आपल्यावर आला असं म्हणणारे साधारण चारात एक निघाले. त्यांतही बऱ्याच जणांनी बोट वयाकडे दाखवलं नाही. नोकरी गेली, घटस्फोट झाला, घरात आजारपण आलं, असं सांगितलं. म्हणजे चाळिशीच्या नावावर बिल फाटतं, माल दुसऱ्याच दुकानातला असतो. आबाच्या बाबतीत तो माल कोणता, ते मी वीस मेला पाहून आलो होतो.

मराठीने ही गोष्ट फार आधी ओळखली आहे. आपण वाचायच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो. डोळ्यातलं भिंग लहानपणापासून हळूहळू ताठर होत जातं. दहा वर्षांच्या पोराला नाकाच्या शेंड्यापुढचं अक्षर दिसतं. चाळिशीत तेच अक्षर वीतभर लांब न्यावं लागतं. हे तीस वर्षं चालूच असतं, फक्त ज्या दिवशी लागणारं अंतर आपल्या कामाच्या अंतरापेक्षा जास्त होतं, त्या दिवशी आपल्याला कळतं. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ते उशिरा कळतं. माझ्यासारख्या प्रुफं वाचणाऱ्याला अडतिसाव्या वर्षीच कळलं. अनुस्वार गळायला लागले आणि एका पत्रिकेत 'चिरंजीव'चा 'चिरजीव' होऊन छापला गेला. मी तेव्हा महिनाभर शाई फिकी असल्याची तक्रार करत होतो. वायंडरचा तर सगळा धंदाच डोळ्यांपासून वीतभर अंतरावरचा.

हे मेसेजमध्ये लिहावं असं एकदा वाटलं. लिहिलंही, अगदी जॅक्ससकट. मग आबा ते हात लांब करून वाचतोय असं डोळ्यांपुढे आलं, आणि मी ते पुसलं. वाढदिवसाला कुणाला माहिती द्यायची नसते.

एक सोपा उपाय सुचला होता, चष्मा घेऊन पाठवून देण्याचा. बाजारात तयार नंबरचे मिळतात. पण वाढदिवसाच्या पुडक्यातून चष्मा निघाला की ती कलपाच्या जाहिरातीचीच धाकटी बहीण. शिवाय दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल कशावरून? तपासायला हवा. पण 'तपासून घे' हे सांगायचं कसं, तिथे पुन्हा गाडी अडली.

*

वाट दाखवली ती आबाच्या मायने, आणि तीही मी तिथे गेलो त्याच दिवशी. मला ते नंतर उमगलं.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. सतरा मेला धोंड्याचा महिना लागला होता, आणि मी गेलो तेव्हा माय जावयासाठी धोंड्यांचं पुरण वाटायच्या तयारीत होती. मी म्हटलं, "माय, एक तारखेला आबाचा वाढदिवस. तेव्हाही धोंडे कर." माय म्हणाली, "एक जून? तो शायना वाढदिवस. मना आबा तं कानबाईना रोटना दिनले व्हयना. धोंडाना महिना व्हता त्या साले. दोन सरावन उनात."

एक जूनचं रहस्य आमच्या पिढीत सगळ्यांना ठाऊक आहे. पोराला शाळेत नेलं की गुरुजी डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं. जन्मतारीख आईला तिथीने ठाऊक, बापाला पिकाने, आणि रजिस्टरात रकाना इंग्रजी तारखेचा. गुरुजी एक जून लिहून मोकळे. आमच्या ग्रुपात एक जूनचे सहा जण आहेत. त्या दिवशी ग्रुपवर केकचे फोटो बघून परका माणूस म्हणेल, यांच्याकडे जुळ्यांचीच साथ होती की काय.

मायला मी पुढे खोदून विचारलं. तिने सांगितलं की कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशी देवीच्या, नैवेद्याच्या रोटांचं दळण झालं होतं. घरातल्या पुरुषमाणसांच्या हिशेबाने सव्वा-सव्वा मूठ धान्य घेतात, ती मापून झाली होती, आणि त्यानंतर हा जन्मला. सासू म्हणाली, याची मूठ राहिली, आता पुढच्या वर्षी. माय हे सांगताना अजून थोडी हळहळत होती. चाळीस वर्षांपूर्वीची एक मूठ!

त्या दिवशी मी धोंडे खाल्ले, कौतुक केलं आणि परत आलो. तीस मेच्या रात्री पाचवा मसुदा खोडताना ते दोन श्रावण आठवले.

दिनदर्शिकेची प्रुफं वाचण्याचा एक फायदा म्हणजे अधिक महिन्यांची खोड कळते. एकोणीस वर्षांनी साधारण तोच महिना तिथेच परत येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, ते सगळ्यांच्या लक्षात असेल. एकोणीस वजा केले तर २००४, तेव्हा आबा एका दुकानात वायंडिंग शिकत होता. आणखी एकोणीस वजा केले की १९८५. त्याच्या मागचा दुहेरी श्रावण मायच्या लग्नाच्या आधीचा. म्हणजे १९८५च. त्या वर्षी सतरा ऑगस्टला निज श्रावण लागला. नागपंचमीनंतरचा रविवार कानबाईचा. तो येतो पंचवीस ऑगस्टला.

शाळेच्या रजिस्टरात आबाचा जन्म १ जून १९८६ असा आहे. मायच्या हिशेबाने तो २५ ऑगस्ट १९८५. मी कागदावर तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि पाहतच राहिलो. आबाला चाळीस पूर्ण होऊन नऊ महिने उलटून गेले होते, आणि ते त्याला, मला, ग्रुपला, कुणालाच कळलं नव्हतं.

मग मी मोबाईल उघडला आणि आमच्या दोघांच्या गप्पांत मागे मागे जात २५ ऑगस्ट २०२५ला पोचलो. सोमवार होता. बुधवारी गणपती बसायचे होते. दिवसभरात काही नाही. रात्री एक वाजून सात मिनिटांनी आबाने एक व्हिडिओ पाठवला होता, अकरा सेकंदांचा. गल्लीतल्या मंडळाच्या देखाव्यातला थर्माकोलचा गरुड, आणि त्याचे पंख हळूहळू वर-खाली होताहेत. मागून कुणाची तरी शिट्टी, आणि आबाचा आवाज, "थांब, थांब, हात नको लावू." खाली लिहिलं होतं: "मंडळाची मोटार. तार केसाएवढी, तीनदा तुटली. शेवटी उडाला. जेवून झोपतो. तू जेवला का?"

मी त्याला उत्तरही दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता अंगठा टाकला होता.

*

यानंतर मेसेज लिहायला दहा मिनिटं लागली. तो असा गेला:

"आबा, मायने सांगितलेले दोन श्रावण मी जुन्या पंचांगावरून तपासले. माय बरोबर आहे. तुझा जन्म २५ ऑगस्ट १९८५चा. म्हणजे तू मागच्या ऑगस्टमध्येच चाळीस झालास. त्या रात्री एक वाजता तू गरुडाचे पंख हलवून मला व्हिडिओ पाठवला होतास आणि विचारलं होतंस, जेवला का. जेवलो होतो. उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज देतोय. आजच्या शाळेच्या वाढदिवसाच्याही शुभेच्छा. शुक्रवारी धुळ्याला येशील का? माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकट्याने जायचा कंटाळा येतो. दुपारी शेवभाजी खाऊ."

'कंटाळा येतो'च्या पुढे आधी एक वाक्य होतं, 'तूही दाखवून घे.' ते मी शेवटी काढलं. प्रुफं वाचणाऱ्याला कळतं की काही शब्द बरोबर असूनही त्या ओळीत नको असतात. माझा नंबर खरंच बदललाय, त्यात खोटं काही नव्हतं. मोटारीचा आणि रिळाचा उल्लेखही केला नाही. त्याने तो मला बाकावर, पोरगं चहाला गेलेलं असताना सांगितला होता, मोबाईलवर नाही. शेतकऱ्यापुढे 'तुमचा फेज गेला होता' म्हणायची संधी हातात असताना तो ते म्हणाला नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी जे वाटतं ते मी त्याला कधी तरी समोर बसून सांगेन. किंवा नाहीही सांगणार. आमच्यात तशी पद्धत नाही.

मेसेज ग्रुपवर टाकला नाही आणि रात्री बाराच्या ठोक्यालाही नाही. बाराला ग्रुपवर काठ्या आणि कलप यांचा पाऊस सुरू झाला, तो पाहून झोपलो. सकाळी साडेसहाला पाठवला. आबा सातला दुकानाचं शटर उचलतो, त्याआधी ओट्यावर चहा पीत एकटा बसलेला असतो.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर यायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी शेवटचा कानामात्रासुद्धा पुन्हा तपासला. मग आलं:

"म्हंजे बुलेटनं कोटेशन मी नऊ महिना लेट मांगं."

मी हसलो. हा पहिल्या मेसेजाच्या जातीचा विनोद होता. मी लिहिलं, "आता डिस्काउंट मागायला हरकत नाही." त्यावर काही आलं नाही. दुकान उघडलं असणार, बाकावर कुणी तरी मोटार घेऊन बसलं असणार.

दुपारी तीनच्या सुमारास त्याने एक फोटो पाठवला. नव्या वहीचं पहिलं पान, वर एक जूनची तारीख, आणि खाली मोटारीचा डाटा. आकडे नेहमीच्या दुप्पट मोठे काढले होते, लांबूनही वाचता येतील एवढे. फोटोखाली दोन ओळी होत्या.

"शुक्रवारले किती वाजता येऊ? मालेबी डोया दखाडना शेतस."